चुकीची नोंद दारातच अडवावी

आजच्या भाषणात आपण एका साध्या यादीचा विचार करणार आहोत. शाळेतल्या मुलांची यादी पूर्वी हातकागदाच्या वहीत असे, आता ती एक्सेलच्या फाइलीत असते. वही गेली, संगणक आला, म्हणजे यादी आपोआप नीट झाली असे मात्र नाही. वहीत जो गोंधळ होत असे तोच संगणकातही होतो. फरक इतकाच की, वहीतला गोंधळ वाचणाऱ्याच्या ध्यानात येई आणि तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेई. संगणकाला मन नाही. तो लिहिलेले अक्षर जसेच्या तसे धरतो.

उदाहरणच घेऊ. समजा, एक पहिली ते सातवीची शाळा आहे. २०२५-२६ या शालेय वर्षात पटावर चौसष्ट मुले. काही गावठाणातली, काही कुंभेवाडीची, काही आमराईतली, काही झऱ्याच्यावाडीची आणि काही कुरणवाडीची. कुरणवाडी ओढ्यापलीकडे, शाळेपासून लांब. तिथल्या मुलांसाठी वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव पाठवायचा आहे, म्हणून वरून विचारणा आली, ‘कुरणवाडीची मुले किती?’ मुख्याध्यापकांनी एक्सेलमध्ये मोजणीचे सूत्र घातले:

```
=COUNTIF(D2:D101,"कुरणवाडी")
```

उत्तर आले नऊ. आता वर्गावरच्या बाई म्हणतात, “गुरुजी, नऊ कशी? रोज ओढा ओलांडून सतरा मुलं येतात!” बाईंचेच बरोबर होते. यादी डोळ्यांखालून घातली तेव्हा उलगडा झाला. नऊ ठिकाणी ‘कुरणवाडी’ असे लिहिले होते. चार ठिकाणी मध्ये जागा सोडून ‘कुरण वाडी’. दोन ठिकाणी ‘कुरनवाडी’. आणि उरलेल्या दोन ठिकाणी घाईघाईत नुसते ‘कु.वाडी’. यादी तीन शिक्षकांनी मिळून भरली होती, ज्याच्या त्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे. माणसाच्या दृष्टीने ही एकच वाडी, संगणकाच्या दृष्टीने चार. प्रस्ताव नऊ मुलांचा गेला असता, तर आठ मुले भत्त्यावाचून राहिली असती आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. कारण संगणकाने चूक दाखवली नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे चोख उत्तर दिले.

आपल्या मराठीत तर ही अडचण अधिकच. ऱ्हस्व-दीर्घ आहे, न आणि ण आहे. शब्दाच्या शेवटी चुकून एक रिकामी जागा पडली, तर ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण मोजणीत ते नाव वेगळे धरले जाते. ‘झऱ्याची’ या शब्दातला अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या रीतीने उमटतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती दोन निराळी अक्षरे असू शकतात.

आता कोणी म्हणेल, ‘यादी पूर्ण झाल्यावर एकदा बसून दुरुस्त करावी, झाले!’ पण इथेच खरी अडचण आहे. ही फाइल केंद्रशाळेत जाते, तिथे दहा शाळांच्या फाइली एकत्र होतात. तिथे बसलेल्या माणसाला ‘कु.वाडी’ दिसते. ही कुरणवाडी की कुंभेवाडी? त्याने कोणाला विचारावे? ज्या दिवशी पालक समोर उभे होते, त्या दिवशी एका शब्दात उत्तर मिळाले असते. पुढे तो प्रश्न फोनावर, मग तालुक्याला, आणि शेवटी अंदाजावर जातो. नोंदीची खरी माहिती फक्त नोंद करणाऱ्यापाशी आणि फक्त नोंदीच्या वेळी असते. म्हणून चूक तिथेच अडवावी लागते. एक्सेलमध्ये त्यासाठी एक सोय आहे, तिचे नाव Data Validation. १९९७ साली निघालेल्या एक्सेलपासून ती आहे.

आपल्या यादीत पाच रकाने धरू. A मध्ये रजिस्टर क्रमांक, B मध्ये मुलाचे नाव, C मध्ये जन्मतारीख, D मध्ये वस्ती आणि E मध्ये शेरा. पहिली ओळ मथळ्यांची, मुले दुसऱ्या ओळीपासून. चौसष्ट मुले आहेत, पण मागाहून येणाऱ्यांसाठी जागा हवी, म्हणून आपण १०१ व्या ओळीपर्यंत नियम लावू.

प्रथम वस्तीचा रकाना. फाइलीत एक दुसरे पान, म्हणजे शीट, उघडा आणि त्याला ‘यादी’ असे नाव द्या. तिथे A1 मध्ये ‘वस्ती’ हा मथळा आणि त्याखाली एकाखाली एक नावे लिहा: गावठाण, कुरणवाडी, कुंभेवाडी, आमराई, झऱ्याचीवाडी आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. ही सहा नावे A2 ते A7 मध्ये आली. ती लिहिताना मात्र दोघांनी मिळून अक्षरन्‌अक्षर तपासा, कारण इथे जे लिहाल तेच पुढे सगळीकडे उमटणार. मग त्या नावांवर उभे राहून Ctrl+T दाबा. मथळा आहे का असे विचारले जाईल, त्याला होकार द्या. याने त्या नावांचे एक कोष्टक बनते. उद्या नवी वस्ती झाली, तर कोष्टकाच्या खालच्या ओळीत तिचे नाव लिहायचे. कोष्टक वाढते आणि त्याच्याबरोबर आपली निवडयादीही वाढते.

आता मुलांच्या पानावर या. D2 पासून D101 पर्यंतचे सेल निवडा. वरच्या पट्टीत Data वर जा, तिथे Data Validation दाबा. एक खिडकी उघडेल. तिच्या Settings या भागात Allow असे लिहिलेले आहे, तिथे List निवडा. खाली Source म्हणून जागा येईल. तिथे क्लिक करून ‘यादी’ या पानावरची सहा नावे माउसने निवडा. तिथे असे उमटेल:

```
=यादी!$A$2:$A$7
```

पानाच्या नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हे आली तरी हरकत नाही. OK दाबले की काम झाले. आता D रकान्यातल्या कोणत्याही सेलवर उभे राहिलात की उजव्या बाजूला छोटा बाण दिसतो. तो दाबला की सहा नावे खाली उघडतात. यालाच ड्रॉपडाउन म्हणतात. माउस नको असेल तर Alt धरून खालच्या बाणाची कळ दाबावी. कोणी हाताने ‘कुरनवाडी’ लिहिलेच, तर एक्सेल ते स्वीकारणार नाही.

आपण यादीच्या शेवटी ‘इतर’ का लिहिले? समजा, एक मुलगी मामाकडे शिकायला आली आहे आणि मामाचे घर मळ्यात आहे, कोणत्याच वाडीत नाही. यादीत तिच्यासाठी जागा नसेल तर भरणारा काय करील? तो अडून बसणार नाही. पहिले नाव, म्हणजे ‘गावठाण’, निवडून मोकळा होईल. ही चूक ‘कुरनवाडी’पेक्षा वाईट. ‘कुरनवाडी’ चुकीची आहे हे निदान दिसते तरी, पण हे खोटे ‘गावठाण’ अगदी शुद्ध दिसते आणि कधीच सापडत नाही. म्हणून ‘इतर’ असावे, आणि ते निवडले तर शेरा या रकान्यात खरे ठिकाण लिहावे. महिन्याने पाहा. ‘इतर’मध्ये एकच ठिकाण तीन-चारदा आले असेल, तर ते मूळ यादीत घालण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

आता जन्मतारखेकडे वळू. एक्सेल तारीख साठवतो ती दिवसांचा अंक म्हणून. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, आणि तिथून पुढे मोजणी. म्हणूनच तारखांची वजाबाकी करून मुलाचे वय काढता येते. पण कोणी १४.०६.२०१६ असे मध्ये टिंबे देऊन लिहिले, तर आपल्याकडच्या संगणकावर ती सहसा तारीख होत नाही, नुसती अक्षरे होतात. मग तिचे वयही निघत नाही आणि ती तारखांच्या क्रमातही लागत नाही. ओळखण्याची खूण अशी की, सेलला वेगळे काही रूप दिलेले नसेल, तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि अक्षरे डाव्या कडेला.

इथेही तीच खिडकी उघडायची. C2 ते C101 निवडा, Allow मध्ये Date आणि त्याखाली between ठेवा. आरंभाच्या आणि शेवटच्या तारखेसाठी अनुक्रमे ही दोन सूत्रे लिहा:

```
=DATE(2008,1,1)
=DATE(2019,12,31)
```

पहिली ते सातवीच्या मानाने २००८ ही मर्यादा जरा मागची वाटेल. ती मुद्दाम तशी ठेवली आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली मुले दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शाळेत येतात, त्यांचे वय वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त असते. मर्यादा फार आवळली तर अशा मुलाची खरी तारीख नाकारली जाईल, आणि फॉर्म पुढे सरकावा म्हणून कोणीतरी खोटी तारीख घालील. नियमाचे काम अशक्य गोष्ट अडवण्याचे. २०१६ ऐवजी २०६१ लिहिले गेले, किंवा मुलाच्या जन्मवर्षाऐवजी चालू वर्ष पडले, तर ते अडले पाहिजे. जे विरळ पण शक्य आहे, ते अडता कामा नये. आणि दर जूनमध्ये ही दोन सूत्रे एकेका वर्षाने पुढे सरकवायची आठवण ठेवावी. नाहीतर नव्या पहिलीची मुलेच दारात अडतील.

तारखेच्या बाबतीत हा नियम एक चूक मात्र पकडू शकत नाही. काही संगणकांची मांडणी अमेरिकी पद्धतीची असते, तिथे आधी महिना आणि मग दिवस. अशा संगणकावर ५ जून म्हणून 05/06/2016 लिहिले, तर त्याची ६ मे होते. दोन्ही तारखा मर्यादेत बसतात, त्यामुळे नियम गप्प राहतो. पण 14/06/2016 लिहिले की एक्सेल ते नाकारतो, कारण चौदावा महिना नसतो. तेव्हा बारा तारखेपर्यंतच्या नोंदी बिनतक्रार जातात आणि तेरापासून पुढच्या सगळ्या अडतात असे दिसले, तर दोष मुलांच्या दाखल्यांचा नाही, संगणकाच्या मांडणीचा आहे. विंडोजच्या Region या सेटिंगमध्ये English (India) निवडावे. शिवाय या रकान्याचे रूप `dd-mmm-yyyy` असे ठेवावे, म्हणजे महिना अंकात न दिसता अक्षरात दिसतो आणि जूनचा मे झाला तर भरणाऱ्याच्या तिथल्या तिथे ध्यानात येते. अगोदर भरलेल्या तारखा मात्र मांडणी बदलल्याने सुधारत नाहीत, त्या दाखल्याशी ताडूनच पाहाव्या लागतात.

तिसरा रकाना रजिस्टर क्रमांकाचा. एकच क्रमांक दोन मुलांना पडता कामा नये. A2 पासून A101 पर्यंत सेल निवडा. निवड A2 पासूनच सुरू करा, हे महत्त्वाचे आहे. Allow मध्ये Custom निवडा आणि Formula या जागी लिहा:

```
=COUNTIF($A$2:$A$101,A2)=1
```

याचा अर्थ सरळ आहे. आत्ता लिहिलेला क्रमांक पूर्ण रकान्यात किती वेळा आला ते मोज, आणि तो एकदाच असेल तर आत घे. डॉलरची खूण असलेला पल्ला जागचा हलत नाही. नुसता A2 मात्र ओळीबरोबर सरकतो, तिसऱ्या ओळीसाठी तो A3 होतो. निवड पाचव्या ओळीपासून केली आणि सूत्रात A2 तसाच ठेवला, तर प्रत्येक ओळ आपल्या वरच्या तिसऱ्या ओळीचा क्रमांक तपासत बसेल. नियम लावल्यावर मुद्दाम एक क्रमांक दुसऱ्यांदा लिहून पाहावा. तो अडला तर सूत्र बरोबर बसले.

नोंद अडली की एक्सेल इंग्रजीत एक कोरडा निरोप दाखवतो. तो वाचून नवा माणूस गोंधळतो. त्याच खिडकीत Error Alert नावाचा भाग आहे, तिथे आपल्या भाषेत निरोप लिहिता येतो. वस्तीसाठी लिहा, ‘बाण दाबून यादीतले नाव निवडा. नाव नसेल तर इतर निवडून शेऱ्यात ठिकाण लिहा.’ नुसते ‘चूक आहे’ असे लिहू नका, पुढे काय करायचे ते लिहा. तिथेच Style मध्ये तीन प्रकार आहेत. Stop चुकीची नोंद आत येऊच देत नाही. Warning विचारतो, ‘असेच ठेवायचे का?’ आणि होकार दिला की ठेवतो. Information तर फक्त सांगून बाजूला होतो. आपल्या तिन्ही रकान्यांना Stop च योग्य. घाईत असलेला माणूस Warning ला नेहमी होकारच देतो.

एवढे केले म्हणजे पहारा पक्का झाला का? नाही. या पहारेकऱ्याच्या काही खोडी आहेत, त्या ठाऊक असाव्यात.

पहिली खोड अशी, की तो फक्त हाताने टंकलेली नोंद तपासतो. दुसऱ्या फाइलीतून मजकूर उचलून इथे चिकटवला, तर तो तपासत नाही. इतकेच नव्हे, एक्सेलच्याच दुसऱ्या सेलवरून साधे Paste केले, तर आपला नियमच पुसला जातो आणि तिथला बाण नाहीसा होतो. चिकटवायचेच असेल तर Paste Special मधून Values निवडावे. नोंद तेव्हाही तपासली जात नाही, पण नियम निदान जागेवर राहतो. नियम कुठे पुसला गेला आहे का हे पाहायचे असेल, तर Home वरच्या Find & Select मध्ये Data Validation दाबावे. नियम असलेले सर्व सेल निवडले जातात. मध्येच एखादा सेल निवडीतून सुटलेला दिसला, तर तिथला नियम गेला आहे असे समजावे.

दुसरी खोड अशी, की नियम लावण्याआधीच्या नोंदींना तो हात लावत नाही. आपल्या चौसष्ट मुलांची यादी तर आधीच भरलेली होती. त्यासाठी Data Validation शेजारचा छोटा बाण दाबून Circle Invalid Data निवडावे. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक नोंदीभोवती लाल वर्तुळ उमटते. एका नोंदीला दोनदा आलेला क्रमांक असेल तर दोन्ही ठिकाणी वर्तुळ दिसते.

तिसरी गोष्ट रिकाम्या सेलची. भरणाऱ्याने वस्ती लिहिलीच नाही, तर हा नियम त्याला ‘लिहा’ असे म्हणत नाही. चौसष्ट मुले दुसऱ्या ओळीपासून पासष्टाव्या ओळीपर्यंत आहेत, तेव्हा कोऱ्या जागा अशा मोजाव्यात:

```
=COUNTBLANK(D2:D65)
```

उत्तर शून्य आले पाहिजे.

आता आपल्या कुरणवाडीकडे परत येऊ. वस्तीचा नियम लावून Circle Invalid Data दाबल्यावर ‘कुरण वाडी’च्या चार, ‘कुरनवाडी’च्या दोन आणि ‘कु.वाडी’च्या दोन अशा आठ नोंदींभोवती लाल वर्तुळे आली. पहिल्या सहा तर उघड होत्या. बाण दाबून ‘कुरणवाडी’ निवडली आणि त्या सरळ झाल्या. ‘कु.वाडी’च्या दोन मात्र कोणी अंदाजाने बदलल्या नाहीत. त्या मुलांना वर्गात विचारले, “बाळ, तू ओढा ओलांडून येतोस का?” दोघेही म्हणाले, “हो बाई.” मग तिथेही ‘कुरणवाडी’ निवडली. मोजणीचे तेच सूत्र पुन्हा पाहिले, उत्तर आले सतरा. वर्तुळे पुसण्यासाठी त्याच जागी Clear Validation Circles आहे.

केंद्रात दहा शाळा असतील, तर एक गोष्ट आणखी करावी लागेल. प्रत्येक शाळेने आपापली ‘यादी’ बनवली, तर एक शाळा ‘कुरणवाडी’ म्हणेल, दुसरी ‘मौजे कुरणवाडी’ लिहील, आणि एकत्र करताना घोटाळा पुन्हा तसाच उभा राहील. तेव्हा केंद्रप्रमुखांनी जूनच्या पहिल्या बैठकीत सर्व वाड्यावस्त्यांची नावे एकदा ठरवावीत, नियम लावलेली कोरी फाइल तयार करावी आणि तीच सर्व शाळांना द्यावी. शाळांनी आपली जुनी माहिती त्यात चिकटवू नये, हे त्याच बैठकीत सांगून ठेवावे. आणि फाइली परत आल्या की एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकीत Circle Invalid Data एकदा दाबून पाहावे. वर्तुळ दिसले, तर ती फाइल त्याच शाळेकडे परत पाठवावी, कारण त्या वर्तुळातल्या नोंदीचे उत्तर देणारा माणूस त्याच शाळेत आहे.